कपाटात डग्गा घुमतो तेव्हा: माझ्या पहिल्या ट्रॅकची हकिगत

१ ऑगस्ट २०२५ ला माझा तबल्याचा पहिला ट्रॅक निघाला. सव्वासहा मिनिटांचा तीनताल, पेटीवर लेहरा, म्हणजे तबल्यासाठी ताल धरून ठेवणारी, फिरून फिरून येणारी धून, बाकी काही नाही. तो घरातल्या कपड्यांच्या कपाटात, फोनवर रेकॉर्ड केलाय हे कळल्यापासून क्लासमधली मुलं विचारतात, "कसं केलंस?" आणि त्यांच्या आया विचारतात, "खर्च किती आला?" दोघांचीही उत्तरं इथे लिहून ठेवते. मी शोधायला लागले तेव्हा कपाटाबद्दल जे काही सापडलं ते गाणाऱ्यांसाठी होतं. गळ्याला कपाट मानवतं. डग्ग्याचं गणित निराळं आहे.

मी १७ वर्षांची, नाशकात पंचवटीला दिंडोरी रोडवर राहते. तबल्याची मध्यमा पूर्ण झालीय. मे महिन्यात अकरावीचा निकाल हातात होता आणि बारावीचे क्लास अजून अंगावर यायचे होते, तेवढीच फट होती. दोन स्टुडिओंत फोन केला. तासाला आठशे आणि हजार सांगितले, त्यातही माइक लावण्यातच पहिला तास जातो असं सरांनी आधीच बजावलेलं. बाबा म्हणाले, "आधी घरी करून बघ, मग बघू."

घरी म्हणजे माझ्या खोलीत. दहा बाय दहा, खाली फरशी, चारही भिंती मोकळ्या. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की टाळीमागून बारीक 'टर्रर्र' ऐकू येतं. समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत राहतात, त्याचा तो आवाज. रियाज करताना तो जाणवत नाही, उलट वाजवलेलं भारदस्त वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र उघडा पडतो. मी निवडलेला कायदा दिल्लीचा, जवळपास प्रत्येकाने शिकलेला:

धा ति ट धा ति ट धा धा । ति ट धा गे ति ना कि ना

यात सगळं 'तिट'वर आहे. दुगुनीत-चौगुनीत 'ति' आणि 'ट' वेगळे ऐकू आले नाहीत तर कायदा वाजवलाच कशाला? खोलीतल्या रेकॉर्डिंगमध्ये 'ति'चा पडसाद 'ट'वर येऊन बसत होता.

आमच्याकडे भिंतीतलं प्लायवूडचं कपाट आहे, पाच फूट रुंद आणि दोन फुटांना थोडं कमी खोल. एका बाजूला कप्पे, दुसऱ्या बाजूला खालपर्यंत मोकळी, कपडे टांगायची जागा. दोन फुटांत मांडी घालून, पुढ्यात तबला घेऊन बसता येत नाही. त्यामुळे तबला-डग्गा आणि फोन कपाटात, माझे गुडघे उंबरठ्यावर आणि पाठ खोलीत, अशी बैठक जमली. त्या बाजूची दोन्ही दारं पूर्ण उघडी ठेवून त्यांच्यावरून आजीची जाड गोधडी टाकली, म्हणजे पाठीमागूनही आवाज परतू नये. पंखा बंद. मे महिन्यात. डांबरगोळ्यांच्या वासासकट.

कपड्यांबद्दल एक सांगते, कारण मी सुरुवातीला इस्त्रीच्या साड्यांचे गठ्ठे समोर रचून पाहिले आणि फारसा फरक पडला नाही. घट्ट घडीचं कापड आवाजाला जवळजवळ फळीसारखंच. आवाज कापडाच्या आत शिरला पाहिजे, धाग्यांमधल्या हवेत अडकला पाहिजे. म्हणून स्वेटर, शाली, बाबांचा लग्नातला कोट, जुनी दुलई, असं जाड आणि सैल सामान टांगायचं, मध्ये बोटभर फट ठेवायची आणि शक्यतो कपाटाच्या मागच्या फळीपासून थोडं पुढे. रिकामे हँगर आधी काढा. 'ना' वाजला की ते दांडीवर किणकिणतात आणि तो आवाज कुठून येतोय हे कळेपर्यंत अर्धी दुपार जाते. लोखंडी कपाट असेल तर हा प्रयोग करूच नका असं मी म्हणेन, त्याचा पत्राच वाजतो.

इतकं झाल्यावर दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, एकदम स्वच्छ आला. चाटीवरचा 'ना', शाईवरचा 'ति', सगळं सुटं. आणि डग्गा गायब.

गायब म्हणजे खरंच गायब. 'धा'च्या जागी 'ता' ऐकू यावा इतका. मी सरांना क्लिप पाठवली तर त्यांचा उलट मेसेज, "डावा हात दुखतोय का?"

डावा हात ठणठणीत होता. फोनमधलं साधं रेकॉर्डर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. बोलण्यात कामाचा नसलेला खालचा आवाज, म्हणजे गाडीची घरघर, वाऱ्याची फडफड, ते कापून टाकतं. डग्ग्याचा मूळ स्वर तिथेच खाली राहतो. शिवाय ते आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतं. तुमचा फोन हे करतो का, हे ओळखायला एक जोरकस 'धा' वाजवा, विरू द्या आणि काहीही न करता दहा-बारा सेकंद थांबा. मग हेडफोन लावून ऐका. 'धा' विरत जाताना मागची सळसळ हळूहळू मोठी होत असेल, आणि शांततेनंतरचा पहिला बोल अंगावर येऊन पुढचे बोल दबत असतील, तर फोन लुडबुड करतोय. पेशकारात हे फार नडतं. तिथे हलक्या हाताचं काम असतं, आणि फोन हलकं ते मोठं, मोठं ते हलकं करून सगळं एका पातळीवर आणून ठेवतो.

यावर उपाय फुकट आहे. ज्या रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये आवाजाचा स्रोत निवडता येतो, त्यात `Unprocessed` हा पर्याय घ्यायचा. अँड्रॉइड ७ पासून ही सोय आहे, पण प्रत्येक फोन ती पाळतोच असं नाही. माझ्या फोनवर फरक पडला, आईच्या फोनवर शून्य. फाइल `WAV` ठेवा, 48 kHz. एमपी३ अगदी शेवटी, कुणाला ऐकायला पाठवण्यापुरती.

आता डग्गा आला. आणि असा आला की नको झालं.

कपाटाचं निराळं गणित म्हणाले ते हेच. कापड आवाज शोषतं, पण किती खालचा आवाज शोषेल ते त्याच्या जाडीवर आहे. ढोबळ हिशेब असा, की लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा थर असेल तर शोषण चांगलं होतं. 'तिट'मधली जी धार आहे ती हजार हर्ट्झच्या पुढची. हजार हर्ट्झची लाट साधारण ३४ सेंटिमीटरची, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर कपडे पुरतात. डग्गा शंभर हर्ट्झच्या आसपास धरला तर लाट जवळजवळ साडेतीन मीटरची, आणि तिच्यासाठी ८५ सेंटिमीटर जाड थर हवा. अख्खं कपाट तेवढं खोल नाही! म्हणजे कपड्यांनी वरचा आवाज खाल्ला आणि खालचा जसाच्या तसा पेटीत कोंडून ठेवला. वरची चमक गेल्यामुळे तो घुमारा आणखीच मोठा वाटायला लागला.

घुमारा कपाटाचा की डग्ग्याचा, हे ओळखायची युक्ती मला सरांनी फोनवर सांगितली. 'गे' वाजवून मनगट शाईकडे सावकाश दाबत न्यायचं, एक लांब मींड घ्यायची. स्वर चढत जाईल तसा आवाज एकसारखा विरत गेला तर ठीक. मध्येच एका ठिकाणी तो फुगला आणि पुन्हा बसला, तर तो फुगा कपाटाचा. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो इतका स्पष्ट होता की अ‍ॅपमधली पट्टी त्याच जागी दर वेळी उडी मारायची.

मग सामान हलवाहलवी सुरू झाली, आणि खरं काम इथे झालं. डग्गा मी कपाटाच्या कोपऱ्यात, डाव्या भिंतीला लागून ठेवला होता, कारण तिथे तो नीट बसत होता. खालचे आवाज भिंतीपाशी आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त साठतात, त्यामुळे तिथे डग्गा ठेवणं म्हणजे घुमाऱ्याला आमंत्रण. तो वीतभर पुढे ओढून निम्मा उंबरठ्याबाहेर आणला. फोनही मागच्या फळीजवळून काढून कपाटाच्या तोंडाशी आणला. चुंबळीखाली घोंगडीची चौपदरी घडी घातली, कारण कपाटाची तळफळी पोकळ आहे आणि डग्ग्याबरोबर तीही वाजत होती. फळीवर तळवा ठेवून दुसऱ्या हाताने 'गे' वाजवा, थरथर हाताला कळते. शेवटी कप्प्यांच्या बाजूची दारंसुद्धा उघडी टाकली. फुगा पूर्ण गेला नाही, पण मींड ऐकताना आता दचकायला होत नव्हतं.

फोन ठेवायचा कुठे, याचं उत्तर प्रत्येकाच्या वाद्यावर आणि हातावर अवलंबून आहे, तरी माझं सांगते. कपाटाच्या दांडीला हँगर, हँगरला रबरबँडांनी फोन उभा, म्हणजे माइकची कड खाली. मोज्याची एक जोडी फोन आणि हँगरच्या मध्ये. तबल्यापासून उंची पावणेदोन फूट, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये न ठेवता किंचित दायाँच्या बाजूला, कारण मधोमध डग्गाच वरचढ होत होता. आवाज फाटत असेल तर अ‍ॅपमध्ये काही कमी करता येईलच असं नाही, तेव्हा फोन वर न्यायचा. चक्रदारातला शेवटचा 'धा' हा सगळ्यात मोठा, त्यावर पातळी ठरवा, पेशकारावर नाही. फोन विमान मोडवर टाका. कव्हर काढा, माझ्या कव्हरच्या कडेने माइकचं अर्धं भोक झाकलं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक बऱ्यापैकी टेक मिळाला. लेहरा एका अ‍ॅपमधला होता, रियाजाला लावतो तोच. मित्रमैत्रिणींना ऐकवायला म्हणून यूट्यूबवर `Unlisted` ठेवला, आणि थोड्याच वेळात कॉपीराइटचा दावा आला. ट्रॅकवर नव्हे, लेहऱ्यावर. कुणीतरी तोच लेहरा वापरून आपला ट्रॅक प्रसिद्ध केला होता आणि तो नोंदवलेला होता, त्यामुळे यंत्रणेला माझ्यात त्यांचा आवाज सापडला. पोटात गोळा आला. आईला वाटलं पोलीस येतील. प्रत्यक्षात दावा म्हणजे शिक्षा नव्हे, व्हिडिओ बहुतेक वेळा तसाच राहतो, त्यातून पैसे आलेच तर दावेदाराला जातात. हरकत घेता येते आणि समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. मी अ‍ॅपच्या अटी शांतपणे वाचल्या. तिथे रियाजाचा आणि कार्यक्रमाचा उल्लेख होता, ट्रॅक प्रसिद्ध करण्याबद्दल एक अक्षर नाही. हरकत जिंकूनही हेच पुन्हा दुसऱ्या कुणाकडून झालं असतं. व्हिडिओ काढून टाकला.

पारंपरिक कायद्यावर, तुकड्यावर कुणाची मालकी नाही. त्या वाजवण्याच्या ध्वनिमुद्रणावर मात्र ज्याने केलं त्याची असते. लेहऱ्याचंही तसंच. म्हणजे लेहरा आपला स्वतःचा मुद्रित करून घेणं एवढाच मार्ग उरला.

आमच्या गल्लीतले पेटीवाले काका भजनी मंडळात साथ करतात. ते जूनच्या पहिल्या रविवारी आले. कपाट बघून म्हणाले, "यात मी बसायचं का पेटीने?" पेटी बसली. चंद्रकंसमधला पारंपरिक लेहरा, लय मिनिटाला ७६ मात्रा, एका कानात टिकटिक. काकांना टिकटिक अजिबात आवडली नाही, पण तिच्याशिवाय आवर्तनागणिक लय चढत होती. भाता जुना, त्याचा उसासा ऐकू येत होता, म्हणून फोन भात्याच्या उलट बाजूला, सुरांच्या समोर टांगला. पेटीचे स्वर बदलता येत नाहीत, त्यामुळे पेटी आधी आणि मग तिच्या काळी एकला तबला मिळवायचा, हाच क्रम सोयीचा. काकांनी पैसे घेतले नाहीत. तरी मी साध्या कागदावर लिहून घेतलं: लेहरा त्यांनी वाजवला, या ट्रॅकमध्ये वापरायला संमती आहे, उत्पन्न आलं तर निम्मं त्यांचं. तारीख, दोघांच्या आणि बाबांच्या सह्या. काका हसले, पण सही केली. ट्रॅक चढवताना "यातल्या सगळ्यांची परवानगी आहे का" हा प्रश्न येतोच, तेव्हा कागद हाताशी असलेला बरा.

तबला पुन्हा वाजवायचा होता, आणि तोवर नाशकात पाऊस स्थिरावला होता. यंदा तो मेपासूनच पाठ सोडत नव्हता. दमट हवेत पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. कपाटात माझ्या श्वासाची आणि घामाची वाफ वेगळीच. दोन टेकमध्ये दायाँ कानाला कळेल इतका उतरायचा, मग हातोडी, मग पुन्हा पेटीशी जुळवणं. त्यात धोका असा की तासाभराच्या अंतराने घेतलेले दोन तुकडे जोडले तर जोडाच्या जागी स्वर बदललेला ऐकू येतो. म्हणून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला मी काकांच्या पेटीचा सा ऐकून तीन 'ना' वाजवून ठेवले. नंतर नुसते ते 'ना' एकामागून एक लावून ऐकले की कुठला टेक कुठल्याशी जुळतो ते कळतं.

लेहरा आईच्या फोनवरून, कानात घट्ट बसणाऱ्या तारेच्या इअरफोनमधून (₹३४९, हा एकमेव सामानखर्च). लेहऱ्याच्या आधी चार टिकटिका जोडल्या होत्या. त्या वाजताना एक इअरफोन काढून रेकॉर्डिंगच्या फोनला चिकटवायचा, म्हणजे नंतर दोन्ही फाइली टिकेवर टीक ठेवून जुळवता येतात. तसंच शेवटी. सहा मिनिटांत दोन फोनच्या घड्याळांत पडलेला फरक इतका बारीक होता की समेला जाणवला नाही.

वेळ दुपारी दोन ते चारची. सकाळी आरत्या, संध्याकाळी ढोलपथकाचा सराव, आणि मधूनच ओझरच्या बाजूने येणारं विमान. विमानाला इलाज नाही, थांबायचं. दादाने लॅपटॉपवर Audacity मध्ये जोडकाम केलं. आम्ही फक्त दोन ठिकाणी कापलं, दोन्हीकडे समेच्या 'धा'च्या किंचित आधी, जिथे आधीच्या डग्ग्याची आस विरलेली होती. घुमाऱ्याचा उरलेला फुगा त्याने त्या एका पट्टीत तीन डेसिबल खाली घेतला. मला आणखी हवा होता, तो म्हणाला मग तुझा डग्गा पुन्हा पातळ होईल. ऐकून पाहिलं, त्याचं बरोबर होतं.

राहिली कागदपत्रं. मनात १० जुलैची गुरुपौर्णिमा होती, ती हुकली. ट्रॅक सगळ्या अ‍ॅपवर पोचवणारे वितरक असतात, त्यांच्याशी करार करायला १८ पूर्ण लागतात. म्हणून खातं आईच्या नावे, पॅन आणि बँक खातं तिचं, कलाकार म्हणून नाव माझं. वर्षाची फी हजाराच्या आत. कव्हर 3000 × 3000 पिक्सेल चौकोनी, आणि त्यावर इन्स्टाचं नाव, फोन नंबर काही चालत नाही. माझं एकदा त्यावरूनच परत आलं आणि पुन्हा तपासणीत आठवडा गेला. रचनाकार या रकान्यात `Traditional` लिहिलं. ISRC नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला लागतो, तो वितरक देतो, वेगळे पैसे भरायची गरज नाही. अमेरिकेचा W-8BEN फॉर्म बघून आई घाबरली, पण तो एवढंच सांगतो की आम्ही भारतात कर भरतो. तो भरला नाही तर तिथल्या रॉयल्टीवर ३० टक्के कापले जातात, भरून करारातला दर मागितला तर १५. कॉपीराइट कार्यालयात ध्वनिमुद्रण नोंदवायची फी ₹२००० आहे. नोंदणी सक्तीची नाही, हक्क मुद्रणाबरोबरच मिळतो, म्हणून यंदा ती केली नाही. मूळ WAV फाइली, तारखांसकट, दोन ठिकाणी ठेवल्यात.

पहिला हिशेब ऑक्टोबरात दिसला. सत्तावीस रुपये आणि काही पैसे. वितरकाच्या किमान रकमेपर्यंत पोचल्याशिवाय ते बँकेत येत नाहीत. काकांना कागदाप्रमाणे त्यांचा निम्मा हिस्सा कळवला, तर ते म्हणाले, "आणि ती टिकटिक ऐकल्याचे वेगळे दे." पुढच्या ट्रॅकला ते टिकटिकीशिवाय वाजवणार आहेत, रूपक घ्यायचं ठरलंय, आणि बारावीची परीक्षा संपेपर्यंत कपाट आईकडे परत गेलंय.